रेघेपासून कापापर्यंत: स्क्वेअर पाइपची फ्रेम आणि तिची कटलिस्ट

स्क्वेअर पाइपची वेल्डेड फ्रेम म्हणजे पोकळ चौकोनी पाइपचे तुकडे हव्या त्या लांबीत आणि कोनात कापून, एकमेकांना भिडवून वेल्डिंगने एकसंध केलेला सांगाडा. वर्कशॉपमधले टेबल, कॉम्प्रेसरखालचा स्टँड, दुकानाच्या बोर्डामागचा सांगाडा, कंपाउंडचे फाटक हे सारे याच जातीचे. असे काम बिघडते ते बहुधा वेल्डिंगच्या आधी, कापताना. तुकडा दोन सेंटीमीटर आखूड पडला तर तो वाया जातो, आणि जास्त पडला तर पुन्हा यंत्रावर चढवावा लागतो. म्हणून फॅब्रिकेटर कापायला बसण्याआधी यादी करतो: कोणत्या मापाचे किती तुकडे, प्रत्येकाची लांबी किती, टोके सरळ कापायची की तिरकी. ही यादी म्हणजे कटलिस्ट. कॅड सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम काढली तर ती आपोआप तयार होते. मात्र मॉडेलमध्ये जे काढले आहे तेच ती सांगते, त्यामुळे मॉडेल काढताना कुठे काय ठरते हे ठाऊक असल्याशिवाय ती वाचता येत नाही.

अशी सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑटोडेस्क इन्व्हेंटरमध्ये ती `Frame Generator` या नावाने येते, सॉलिडवर्क्समध्ये `Weldments` या नावाने. इथे सॉलिडवर्क्सची पद्धत घेतली आहे. इतरत्र बटणांची नावे बदलतात, हिशेब तोच राहतो. उदाहरणाला वर्कशॉपचे एक साधे टेबल घेऊ. वरची चौकट बाहेरून १२०० × ६०० मिलिमीटर, तिच्या चारही कोपऱ्यांना तिरका जोड, मधोमध एक आडवा पाइप. खाली चार पाय, फ्रेमची एकूण उंची ८५० मिलिमीटर. पाय फाकू नयेत म्हणून खालच्या बाजूला डावीकडे आणि उजवीकडे एकेक आखूड पाइप आणि मागे एक लांब पाइप. समोरची बाजू बसणाऱ्याच्या पायांसाठी मोकळी. सगळीकडे पाइप एकच: ४० × ४०, भिंतीची जाडी २.६ मिलिमीटर. असा पाइप मीटरला सुमारे तीन किलो भरतो.

पहिली अडचण इथेच येते. सॉलिडवर्क्ससोबत पाइपच्या छेदांचा एक छोटा संच येतो. त्यातल्या आयएसओ गटात ४० × ४० चा पाइप आहे, पण चार मिलिमीटर जाडीचा. भारतात बांधकामाच्या पोकळ पाइपचे मानक आयएस ४९२३ आहे आणि बाजारात मिळणारी जाडी त्या संचाशी जुळतेच असे नाही. तेव्हा आपल्या पाइपचा छेद आधी बनवून ठेवावा लागतो. संचातली फाइल उघडायची, जाडी बदलायची, ट्रीमधले स्केच निवडायचे आणि `.sldlfp` या प्रकारात नव्या नावाने जतन करायची. स्केच न निवडता जतन केल्यास फ्रेम काढताना तो छेद वापरता येत नाही. नवख्यांचा बराच वेळ इथे जातो. त्याच फाइलमधले पाइपचे वर्णनही तपासून घ्यावे, कारण पुढे कटलिस्टच्या रकान्यात तेच उमटते. वर्णन हाताने लिहिलेले असेल आणि बदलायचे राहिले, तर मॉडेल २.६ चे आणि यादी चारची असा घोळ होतो आणि खरेदी यादीप्रमाणे होते.

छेद तयार झाला की सांगाडा रेघांनी काढायचा. पाइपची जाडी, रुंदी काहीही न दाखवता फक्त रेघा. एक रेघ म्हणजे एक पाइप. नंतर `Structural Member` ही आज्ञा देऊन रेघा निवडल्या की प्रत्येक रेघेवर छेद पसरतो आणि पाइप उभा राहतो. ही रेघ पाइपच्या कोणत्या भागातून जाते हा या साऱ्या कामातला कळीचा प्रश्न आहे. वेगळे काही सांगितले नाही तर ती पाइपच्या मधोमध जाते. म्हणजे टेबल १२०० × ६०० चे हवे म्हणून रेघांचा आयत त्याच मापाचा काढला, तर प्रत्येक बाजूला अर्धा पाइप, वीस मिलिमीटर, बाहेर येतो आणि टेबल १२४० × ६४० चे होते. पडद्यावर ते दिसायला ठाकठीक असते. चूक लक्षात येते ती वर टाकायचा प्लायवूड कमी पडल्यावर.

यावर दोन उपाय आहेत. `Locate Profile` वापरून रेघ पाइपच्या बाहेरच्या कडेला नेता येते. मग आयत १२०० × ६०० चाच काढायचा. किंवा रेघ मधोमधच ठेवून आयत ११६० × ५६० चा काढायचा. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण पायांच्या आणि खालच्या पाइपच्या रेघा त्याच कोपऱ्यांच्या बिंदूंना जोडता येतात आणि पुढचा सगळा हिशेब एकाच नियमाने होतो. उदाहरणात तोच घेतला आहे. उभ्या दिशेलाही हेच: फ्रेमची उंची ८५०, म्हणून वरच्या आयताच्या रेघा जमिनीपासून ८३० वर, आणि पायाची रेघ शून्यापासून ८३० पर्यंत.

रेघा निवडताना त्यांचे गट करावे लागतात. एका गटात एकतर एकमेकींना जोडलेल्या रेघा चालतात किंवा समांतर रेघा. वरच्या आयताच्या चार रेघा पहिला गट, चार पाय समांतर म्हणून दुसरा गट, मधला आडवा पाइप तिसरा. पहिल्या गटात कोपऱ्याचा प्रकार `End Miter` निवडला की दोन्ही पाइपची टोके ४५ अंशांत कापली जाऊन कोपऱ्यात कर्णावर मिळतात. तिथेच दुसरा पर्याय असतो तो सरळ जोडाचा: एक पाइप कोपऱ्यापर्यंत पूर्ण जातो आणि दुसरा त्याच्या भिंतीवर येऊन टेकतो. कोपऱ्यावर दिसणाऱ्या ठिपक्यावर क्लिक करून एखाद्याच कोपऱ्याचा जोड बदलता येतो.

तिरका जोड नुसता देखणा म्हणून निवडत नाहीत. सरळ जोडात एका पाइपचे तोंड उघडे राहते. ते पट्टी लावून बुजवावे लागते, नाहीतर आत पाणी आणि धूळ जाऊन पाइप आतून गंजतो. तिरक्या जोडात उघडे तोंड उरत नाही. बदल्यात काम वाढते. ४० मिलिमीटर पाइपचा तिरका काप ५६.६ मिलिमीटर लांब असतो, त्यामुळे जोडाचा परीघ १६० वरून सुमारे १९३ मिलिमीटर होतो आणि तितके वेल्डिंग जास्त लागते. शिवाय कोन नेमका लागतो. सरळ जोडात थोडी फट भरून काढता येते, इथे ती चटकन डोळ्यांत भरते. ताकदीच्या बाबतीत तिरक्या जोडाला उगाच मोठेपण देऊ नये. कोपऱ्यावर मोठा वाक पडला की आतल्या बाजूच्या कडेवर ताण एकवटतो. म्हणूनच इमारतींच्या जड पोकळ फ्रेममध्ये युरोकोड ३ अशा कोपऱ्यात दोन कापांच्या मध्ये जाड पोलादी पट्टी घालण्याची तरतूद करते. आपल्या टेबलात वरच्या कोपऱ्याखाली थेट पाय येतो, त्यामुळे भार पायावर जातो आणि तिरका जोड निर्धास्त वापरता येतो.

खालच्या तीन पाइपचे गट करताना एक खाच आहे. डावी, मागची आणि उजवी रेघ मागच्या पायांच्या मध्यरेषेवर एकमेकींना मिळतात. त्या एकाच गटात घेतल्या तर सॉफ्टवेअर त्यांना जोडलेली साखळी समजते आणि पायाच्या पोटात त्यांचे तिरके जोड करून टाकते. वरून काही दिसत नाही, कारण जोड पायाच्या आत लपलेला असतो. म्हणून दोन आखूड पाइप समांतर म्हणून एका गटात आणि मागचा लांब पाइप वेगळ्या गटात घ्यावा. एकाच आज्ञेतले गट ज्या क्रमाने केले त्या क्रमाने नंतरचा गट आधीच्या गटावर छाटला जातो. वेगवेगळ्या आज्ञांनी काढलेले पाइप मात्र आपोआप छाटले जात नाहीत. ते एकमेकांत घुसलेले राहतात. तिथे `Trim/Extend` ही आज्ञा द्यावी लागते: कोणता पाइप छाटायचा आणि कोणाच्या भिंतीपर्यंत, हे दाखवायचे.

छाटणी नीट झाली की नाही हे पाहायला एक सोपा हिशेब पुरतो, आणि तो पाठ असलेला बरा. रेघ पाइपच्या मधोमध असेल तर तिरक्या जोडाचे प्रत्येक टोक रेघेच्या लांबीत अर्धा पाइप वाढवते, आणि दुसऱ्या पाइपच्या भिंतीवर टेकणारे प्रत्येक टोक अर्धा पाइप कमी करते. ४० च्या पाइपला हा अर्धा भाग वीस मिलिमीटर. त्यामुळे वरच्या ११६० च्या रेघेचा पाइप १२०० चा होतो आणि ५६० चा ६०० चा. मागचा खालचा पाइप त्याच ११६० च्या रेघेवर आहे, पण दोन्हीकडे पायांना टेकतो म्हणून ११२०. आखूड पाइप ५६० वरून ५२०. पाय एकाच टोकाला, वरच्या चौकटीच्या खालच्या भिंतीला टेकतो म्हणून ८३० वरून ८१०. यादीत ८३०, ११६० किंवा ५६० असा मूळ रेघेचा आकडा दिसला, तर तो पाइप छाटायचा राहिला आहे असे खुशाल समजावे.

मॉडेल पूर्ण झाले की डावीकडच्या ट्रीमध्ये कटलिस्टचे फोल्डर असते. सॉफ्टवेअर सगळे पाइप एकमेकांशी ताडून पाहते आणि हुबेहूब सारख्या तुकड्यांचा एक गट करते. प्रत्येक गटाला लांबी, दोन टोकांचे कोन, नग आणि वर्णन हे गुणधर्म आपोआप चिकटतात. ड्रॉइंगवर हा तक्ता टाकता येतो. मात्र त्याच्या मूळ साच्यात क्रमांक, नग, वर्णन आणि लांबी एवढेच रकाने असतात. कोनांचे दोन रकाने आपण वाढवायचे. ते न वाढवता तक्ता छापला तर कापणाऱ्याला १२०० चा तुकडा सरळ कापायचा की तिरका हे कळायला मार्ग नाही. आपल्या टेबलाची यादी अशी येते:

```
ITEM  QTY  LENGTH  ANGLE1  ANGLE2
1     2    1200    45      45
2     2    600     45      45
3     4    810     0       0
4     1    1120    0       0
5     3    520     0       0
```

पाचव्या ओळीत तीन नग आहेत. दोन खालचे आखूड पाइप आणि एक वरच्या चौकटीतला मधला पाइप. टेबलात त्यांच्या जागा वेगळ्या असल्या तरी तुकडे सारखेच, म्हणून यादीने त्यांना एकत्र केले. कापणाऱ्याच्या दृष्टीने हे अगदी योग्य आहे. जुळवणी करणाऱ्याने मात्र ड्रॉइंगवरचे क्रमांक पाहावेत. उलट एका पायाला वायर काढण्यासाठी भोक पाडले, तर तो पाय इतरांसारखा राहत नाही आणि यादीत ८१० च्या दोन ओळी होतात, एक तीन नगांची आणि एक एका नगाची. दोन्ही ओळींत लांबी आणि कोन तेच दिसतात. भोकाची माहिती या रकान्यांत कुठेच नसते. ती ड्रॉइंगवर द्यावी लागते.

तिरक्या तुकड्यांच्या ओळी वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, यादीतली लांबी ही सर्वांत लांब बाजूची, म्हणजे बाहेरच्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंतची असते. १२०० च्या तुकड्याची आतली बाजू ११२० भरते. टेप आतल्या कडेला लावून १२०० वर खूण केली तर तुकडा ८० मिलिमीटर लांब होतो. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. ४५ आणि ४५ एवढे लिहिले की दोन्ही टोके तिरकी हे कळते, पण ती एकमेकांकडे झुकलेली की एकाच दिशेला, हे त्या दोन आकड्यांतून कळत नाही. चौकटीला हवा तो समलंब चौकोन, एक बाजू लांब आणि समोरची आखूड. दोन्ही काप समांतर झाले तर तुकडा तिरपा समांतरभुज चौकोन होतो, त्याच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या राहतात आणि तो कोपऱ्यात बसूच शकत नाही. कापून झाल्यावर समोरासमोरच्या दोन बाजू मोजल्या की हे लगेच समजते.

चॉप सॉवर ही चूक टाळण्याची रीत ठरलेली आहे. यंत्र ४५ वर एकदाच पक्के करायचे आणि पुन्हा हलवायचे नाही. एक काप घेतला की पाइप पुढे सरकवून त्याच्या आसाभोवती अर्धा फिरवायचा, म्हणजे वरची बाजू खाली येते; मग पुढचा काप. स्क्वेअर पाइप चारही बाजूंनी सारखा असल्याने हे सहज जमते. यात मालही वाचतो: एका तुकड्याचा शेवटचा काप हाच पुढच्या तुकड्याचा पहिला काप ठरतो, आणि मध्ये त्रिकोणी तुकडा वाया जात नाही.

यंत्राच्या पट्टीवरचा ४५ चा आकडा खराच ४५ असतो असे नाही. काप अर्ध्या अंशाने चुकला तरी जोडात दोन काप एकत्र येतात, म्हणून चूक एक अंशाची होते आणि ५६.६ मिलिमीटरच्या जोडाच्या एका टोकाला सुमारे एक मिलिमीटर फट पडते. चार कोपऱ्यांत मिळून चार अंश कमी-जास्त होतात आणि चौथा कोपरा जुळतच नाही. मग तो ओढूनताणून बसवला जातो आणि सगळी चौकट वाकडी होते. म्हणून खरे तुकडे कापण्याआधी टाकाऊ पाइपचे दोन छोटे तुकडे कापून, तिरकी तोंडे एकमेकांना लावून गुण्यावर धरतात. चूक दुप्पट होऊन दिसत असल्याने ती लपत नाही.

यादी किती माल लागेल हे सांगते, तो कसा कापावा हे सांगत नाही. आपल्या टेबलाची बेरीज ९.५२ मीटर होते. पाइप सहा मीटर लांबीत मिळतो, म्हणजे दोन नग पुरतात. तिरक्या तुकड्यांचे काप सामाईक न ठेवता यादीच्या क्रमानेच कापत गेले तर पहिल्या पाइपमधून चौकटीचे चार तुकडे आणि दोन पाय निघतात आणि पाऊण मीटरचा तुकडा उरतो, ज्यातून तिसरा पाय निघत नाही. उरलेले सगळे दुसऱ्या पाइपमधून काढल्यावर तिथेही पावणेदोन मीटरच्या आसपास उरतो. त्याऐवजी पहिल्या पाइपमधून १२०० चे दोन आणि चारही पाय काढले तर ५६४० मिलिमीटर होतात. कापणाऱ्या चकतीची जाडी प्रत्येक कापाला साधारण तीन मिलिमीटर खाते, तिरक्या कापाला थोडी जास्त. ती धरूनही सगळे बसते आणि जेमतेम फूटभर तुकडा उरतो. दुसऱ्या पाइपला मग दोन मीटरहून मोठा सलग तुकडा राहतो, जो पुढच्या कामाला उपयोगी पडतो. चकतीची ही जाडी सॉफ्टवेअरच्या यादीत धरलेली नसते. ती विसरून सहा मीटरमध्ये सहा हजार मिलिमीटरचे तुकडे बसवणारा शेवटच्या तुकड्याला हमखास तोंडघशी पडतो.

जुळवणी सपाट जागेवर आधी वरच्या चौकटीपासून करतात. चारही कोपऱ्यांना फक्त टॅक मारायचे आणि दोन्ही कर्ण मोजायचे. १२०० × ६०० च्या चौकटीचा कर्ण १३४१.६ मिलिमीटर यायला हवा. आकड्यापेक्षाही दोन्ही कर्ण सारखे असणे महत्त्वाचे. त्यांत दोन मिलिमीटरचा फरक असेल तर चौकट एका बाजूला एक मिलिमीटरहून थोडी जास्त झुकली आहे असा त्याचा अर्थ. टॅक असेपर्यंत लांब कर्णाच्या टोकांवर हलके ठोकून ती सरळ करता येते, पूर्ण वेल्डिंग झाल्यावर नाही. पुढे वेल्डिंगही एकामागोमाग एक शेजारच्या कोपऱ्यांवर न करता समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आलटून पालटून करतात. थंड होताना वेल्ड आकसतो आणि कोपरा आपल्याकडे ओढतो. एका बाजूने सलग गेले की ती ओढ साचत जाते.

टेबलाचे माप नंतर बदलले तर आपोआप बनणाऱ्या यादीचा खरा फायदा दिसतो. लांबी १२०० ऐवजी १५०० हवी असेल तर एक रेघ ११६० वरून १४६० करायची. यादीत पहिली ओळ १५०० होते, चौथी १४२०, बाकीच्या तीन ओळी जशाच्या तशा राहतात. यादी आपोआप अद्ययावत होण्याची सोय बंद ठेवली असेल तर मात्र कटलिस्टच्या फोल्डरवर जाऊन ती हाताने अद्ययावत करावी लागते. यंत्रापाशी चिकटवलेला छापील कागद बदलत नाही, म्हणून छापील यादीवर तारीख टाकण्याची सवय अनेक कारखान्यांत असते.

फ्रेम रंगवायची नसून गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ करायची असेल तर मॉडेलमध्ये आणखी एक भर घालावी लागते. सगळीकडून बंद पाइप वितळलेल्या जस्तात गेला की आतली हवा आणि ओल तापून फुगते आणि पाइप फुटू शकतो. वरच्या चौकटीत तिरक्या जोडांमुळे पोकळी चारही कोपऱ्यांतून सलग फिरते, त्यामुळे तिथे हवा आणि जस्त एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाऊ शकते. पाय वरच्या टोकाला, आणि मधला पाइप व खालचे पाइप दोन्ही टोकांना, मात्र दुसऱ्या पाइपच्या भिंतीवर टेकून बंद झालेले असतात. त्या प्रत्येकाला आणि चौकटीलाही हवा निघायला आणि जस्त निथळायला भोके ठेवतात, शक्यतो टोकांजवळ. ती भोके मॉडेलमध्येच पाडली की यादीतल्या ओळी फुटतात. मधल्या पाइपची भोके खालच्या पाइपपेक्षा वेगळ्या जागी असतील तर पाचव्या ओळीतले तीन नग दोन ओळींत विभागले जातात. लांबी दोन्हीकडे ५२० च राहते, त्यामुळे कापणाऱ्याने तीनही तुकडे एकदमच कापावेत आणि भोके पाडताना ड्रॉइंग पाहून ते वेगळे करावेत.